दुकानदारापुढे मांडावयाचा पुरवठ्याचा प्रस्ताव
चार-पाच ओळींत काय लिहावे व त्यामागील हिशेब कसा करावा

एप्रिल-मे महिन्यांत भिरंडीची फळे पिकली की गोव्यातील अनेक गावांतून आमसुले वाळविण्याची एकच घाई उडते. फळ फोडून बी वेगळे काढावयाचे, सालीला मीठ लावावयाचे, तिला तिच्याच रसाची पुटे पुन्हा पुन्हा देत कडक उन्हात वाळवावयाचे, हे सारे काम पावसाची पहिली सर येण्यापूर्वी उरकावे लागते. त्यामुळे जूनच्या आरंभी गावातील महिलांच्या बचत गटांपाशी माल भरपूर असतो आणि हाती पैसा नसतो. घरी लागणारी व पाहुण्यांना द्यावयाची सोलां बाजूला काढली, तरी उरलेल्या मालाचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. शहरातील एखादा किराणा दुकानदार हा माल घेईल काय, अशी विचारणा करण्यास गटातील दोघीजणी निघतात व बहुधा 'बघू, नंतर या' असे उत्तर घेऊन परततात.

हे उत्तर मालाला नसून मांडणीला मिळालेले असते. माल कसा शुद्ध आहे, किती कष्टाने केला आहे, गटात किती महिला आहेत, हे दुकानदाराला सविस्तर सांगितले जाते. त्याच्या मनातील प्रश्न मात्र वेगळे असतात. हा माल घेणारे गिऱ्हाईक माझ्या दुकानात येते काय? त्यात मला किती सुटतील? तो खपला नाही तर नुकसान कोणाचे? संपला तर पुन्हा कधी मिळेल? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या चिठ्ठीत आहेत, ती चिठ्ठी दुकानदार गल्ल्यावर बसल्या बसल्या वाचून निर्णय देऊ शकतो. त्यातही तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. ते लिहिण्यापूर्वी गटाने स्वतःचा हिशेब केला नसेल, तर तेच उत्तर गटाला खड्ड्यात घालू शकते. हे कसे, हे एका उदाहरणाने पाहू.

उदाहरणातील हिशेब

पेडणे तालुक्यातील आठ महिलांच्या एका गटाने आमसुलांची २०० ग्रॅमची २०० पाकिटे तयार केली आहेत व ती म्हापशातील एका किराणा दुकानात ठेवावयाची आहेत, असे समजू. पुढील रकमा हिशेब समजण्यासाठी धरलेल्या आहेत. प्रत्येक गटाने तेथे आपल्या खर्चाचे आकडे घालावेत.

एका पाकिटामागे फळे, मीठ, पिशवी व लेबल यांचा खर्च ५८ रुपये, महिलांची मजुरी १८ रुपये आणि म्हापशास नेण्या-आणण्याचा खर्च ४ रुपये, असे एकूण ८० रुपये होतात. मजुरी घरचीच म्हणून ती न धरण्याची चूक सर्रास होते. तसे केल्यास पाकीट ६२ रुपयांना पडले असे वाटते. ते ७० रुपयांना देऊनही नफा झाल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात आठ जणींचे उन्हातील दिवस फुकट जातात.

शहरातील दुकानांतून अशा मालाचा जो भाव चालू आहे तो पाहून गटाने पाकिटाची छापील किंमत १२० रुपये ठरविली आहे. दुकानदाराला ते ९६ रुपयांना द्यावयाचे, म्हणजे त्याला पाकिटामागे २४ रुपये सुटतील व गटाला खर्च वजा जाता १६ रुपये राहतील.

येथे टक्केवारीचा एक घोटाळा नेहमी होतो. दुकानदार 'वीस टक्के सुटले पाहिजेत' असे म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा छापील किमतीवरचे वीस टक्के म्हणत असतो. १२० रुपयांवर वीस टक्के म्हणजे २४ रुपये. गट मात्र आपल्या दरावर वीस टक्के धरतो. ९६ रुपयांवर वीस टक्के म्हणजे १९ रुपये २० पैसे. एकाच शब्दाचे दोन अर्थ होऊन पहिल्याच महिन्यात पाकिटामागे जवळजवळ पाच रुपयांचा वाद उद्‌भवतो. यास्तव चिठ्ठीत टक्के लिहूच नयेत. छापील किंमत किती, दुकानदाराने द्यावयाचे किती व त्याला सुटणारे किती, हे तीन आकडे रुपयांत लिहावेत.

'न खपल्यास परत' या शब्दांची किंमत

नव्या व अपरिचित मालासाठी दुकानदार रोख पैसे गुंतविण्यास सहसा राजी नसतो. म्हणून 'न खपलेला माल परत घेऊ' असे आश्वासन द्यावे लागते. ते देण्यात गैर काही नाही. परंतु ते किती पाकिटांपर्यंत पेलते, हे आधी मोजले पाहिजे.

वीस पाकिटे दुकानात ठेवली व सर्व खपली, तर गटाला १,९२० रुपये मिळतात. त्यांचा खर्च १,६०० रुपये असल्याने ३२० रुपये शिल्लक राहतात. तीन पाकिटे परत आली, तर सतरा पाकिटांचे १,६३२ रुपये येतात व शिल्लक केवळ ३२ रुपये उरते. चार परत आली, तर १,५३६ रुपये मिळून ६४ रुपयांची तूट येते. म्हणजे या दरात विसांपैकी तीन पाकिटांची परतफेड गटाला सोसते, चौथे सोसत नाही. परत आलेली पाकिटे चांगली असली तर ती अन्यत्र विकता येतात व तूट भरून निघते. परंतु पावसाळ्यात ती चांगल्या स्थितीत परत येतीलच, असे धरून चालणे धोक्याचे आहे. म्हणून आश्वासन देताना परत आलेला माल वाया गेला, असेच समजून हिशेब करावा.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, सुरुवात थोड्या पाकिटांनी करावी. शंभर पाकिटे ठेवून वीस परत आली, तर तूट ३२० रुपयांची होईल. वीस ठेवून सगळीच परत आली तरी गुंतलेली रक्कम १,६०० रुपयांच्या पलीकडे जात नाही. दुसरी अशी की, परत घेण्यास मुदत व अट हवी. 'केव्हाही परत घेऊ' असे लिहिल्यास सहा महिने खिडकीतील उन्हात राहिलेले पाकीटही घ्यावे लागेल. 'तीस दिवसांच्या आत, न फोडलेले' असे शब्द असतील तर दोन्ही पक्षांना आपापली मर्यादा कळते.

चिठ्ठीचा नमुना

हा हिशेब झाल्यावरच लेखणी हाती घ्यावी. चिठ्ठी पुढीलप्रमाणे असावी:

सप्रेम नमस्कार.
आपल्या दुकानात आमसुले सुटी मिळतात, परंतु २०० ग्रॅमचे बंद पाकीट दिसले नाही. पेडणे तालुक्यातील आमच्या महिला गटाने यंदाच्या उन्हाळ्यात वाळविलेली तशी पाकिटे तयार केली आहेत. नमुना सोबत आहे.
छापील किंमत १२० रुपये. आपणांस ९६ रुपये. पाकिटामागे आपले २४ रुपये.
प्रथम २० पाकिटे ठेवून पाहावीत. आज पैसे नकोत. तीस दिवसांनी खपलेल्या पाकिटांचेच द्यावेत. न फोडलेली उरलेली पाकिटे त्याच दिवशी परत घेऊ.
दर पंधरा दिवसांनी आमच्यापैकी एक जण येऊन मोजणी करील. आणखी १८० पाकिटे तयार आहेत.
येत्या सोमवारी दुपारी चारला उत्तरासाठी येऊ.

खाली गटाचे नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक व अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक लिहावा. मजकूर एवढाच. हाच मजकूर व्हॉट्सॲपवरही पाठविता येईल. तथापि पहिल्या भेटीत कागद व नमुन्याचे पाकीट प्रत्यक्ष हाती देणे बरे, कारण दुकानदार पाकीट दाबून, उलटसुलट करून पाहिल्याशिवाय मालाविषयी मत बनवीत नाही.

प्रत्येक ओळीमागील कारण

पहिली ओळ दुकानदाराच्या दुकानाविषयी आहे, गटाविषयी नाही. ती लिहिण्यासाठी एक दिवस आधी त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाऊन यावे लागते. आमसुले कशी विकली जातात, कोणत्या वजनाची पाकिटे आहेत, भाव काय आहे, हे पाहावे. त्या दुकानात तशाच मालाची दोन-तीन प्रकारची पाकिटे आधीच मांडलेली असतील, तर तेथे चिठ्ठी देण्यात अर्थ नाही. ज्या दुकानात बाहेरगावी जाणारी माणसे खाऊ, काजू, मसाले घेण्यास येतात, तेथे बंद पाकिटाला मागणी असण्याचा संभव अधिक, कारण सुटी आमसुले प्रवासात नेणे अडचणीचे असते.

दुसऱ्या ओळीत दराची घासाघीस करण्यास जागा ठेवलेली नाही. पुष्कळजण 'दर आपण ठरवाल तसा' असे लिहितात. त्यामागे नम्रता असते, परंतु दुकानदाराला त्यातून एवढेच कळते की, यांनी हिशेब केलेला नाही. दर कमी करण्याची मागणी आलीच, तर तिचा संबंध परतीच्या अटीशी जोडावा. उदाहरणार्थ, माल परत करावयाचा नसेल व पैसे रोख मिळत असतील तर पाकीट ९२ रुपयांना देता येईल. तेव्हा गटाला बारा रुपये राहतात, परंतु परतीचा धोका जातो. परतीची हमी आणि कमी दर या दोन्ही सवलती एकाच वेळी देऊ नयेत. ९२ रुपये दरात विसांपैकी तीन पाकिटे परत आली तरी ३६ रुपयांची तूट येते.

तिसरी ओळ म्हणजे चिठ्ठीचा गाभा, व तिचे विवेचन वर झालेच आहे. चौथ्या ओळीत किती माल शिल्लक आहे ते प्रामाणिकपणे सांगितले आहे. आमसुले वर्षातून एकदाच होतात. 'हवी तितकी देऊ' असे लिहून ऐन चतुर्थीच्या तोंडावर माल संपला, तर दुकानदाराचे गिऱ्हाईक परत जाते व पुढल्या वर्षी गटाला ते दार बंद होते. पाचव्या ओळीने उत्तराचा दिवस ठरतो. 'विचार करून कळवावे' असे लिहिल्यास ती चिठ्ठी गल्ल्याखालच्या कागदांत जाऊन पडते.

भेटीची वेळही विचारपूर्वक निवडावी. म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो. त्या दिवशी कोणत्याही दुकानदारापाशी दोन मिनिटे नसतात. सकाळची व संध्याकाळची गर्दी टाळावी. दुपारी दुकाने बंद होऊन साडेतीन-चारला उघडतात, तो पहिला अर्धा तास उत्तम. गिऱ्हाईक आले तर बाजूला उभे राहावे. गल्ल्यावर मालक नसून नोकर असेल, तर मालक कधी भेटतील एवढेच विचारून यावे. नोकराच्या हाती दिलेला नमुना मालकापर्यंत पोचेलच असे नाही.

लेबल नसेल तर चिठ्ठी देऊ नये

बंद पाकिटातील खाद्यपदार्थ विकणाऱ्या दुकानदारावरही २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याची जबाबदारी असते. त्यामुळे जाणता दुकानदार प्रथम पाकीट उलटून लेबल पाहतो. पदार्थाचे नाव, घटक (भिरंडीची साल, मीठ), निव्वळ वजन, तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, तयार केल्याचा दिनांक, कोणत्या दिनांकापर्यंत वापरावे, घाण्याचा वा तुकडीचा क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि चौदा अंकी अन्नसुरक्षा क्रमांक या बाबी त्यावर हव्यात. लहान उत्पादकांसाठी साधी नोंदणी आहे. गोव्यात अन्न व औषध प्रशासन संचालनालय हे काम पाहते. लेबलाचा कच्चा मसुदा छपाईपूर्वी तेथे दाखवून घेतल्यास पिशव्या पुन्हा छापण्याचा खर्च वाचतो. नोंदणी व्हावयाची असल्यास प्रस्ताव तेवढा काळ थांबविणे इष्ट. दुकानदाराने घाईने माल ठेवून घेतला आणि तपासणीत तो अडकला, तर नुकसान त्याचे व नाव गटाचे जाते.

माल ठेवल्यानंतर

दुकानदाराने होकार दिला म्हणजे 'ठेवून जा' असे तो म्हणतो. याच क्षणी बहुतेक गट चुकतात. माल ठेवून नुसते परत येऊ नये. दिनांक, पाकिटांची संख्या, दर व परतीची मुदत लिहिलेली दोन प्रतींची पोचपावती सोबत न्यावी. एक प्रत दुकानात ठेवावी व दुसरीवर सही घ्यावी. यात अविश्वास नाही. महिनाभराने किती पाकिटे ठेवली होती हे दोघांनाही आठवत नाही, एवढेच त्याचे कारण होय.

पंधराव्या दिवशी मोजणीस जावे. वर धरलेल्या उदाहरणात त्या दिवशी नऊ पाकिटे खपलेली व अकरा शिल्लक आहेत, असे समजू. ही गती समाधानकारक होय. तिसाव्या दिवशी सतरा खपली व तीन उरली. गटाने सतरांचे १,६३२ रुपये घेतले व तीन पाकिटे परत आणली. मजुरी खर्चात धरलेली असल्याने विसांचे ३६० रुपये आठ जणींच्या हाती आलेलेच आहेत. वर शिल्लक ३२ रुपये. ही रक्कम नाममात्र आहे, परंतु या महिन्याने एक आकडा दिला. या दुकानात महिन्याला सुमारे सतरा पाकिटे खपतात. आता वीस पाकिटे एकदम न ठेवता दर पंधरा दिवसांनी आठच ठेवावीत. माल ताजा राहील, परत काही येणार नाही व पाकिटामागचे सोळा रुपये पूर्ण पदरात पडतील. महिन्याला सोळा पाकिटांचे २५६ रुपये ते हेच. मात्र दोन खेपांमुळे प्रवासखर्च वाढत असेल तर दुसऱ्या कामासाठी म्हापशास जाणाऱ्या महिलेने ती खेप करावी.

यातून दुसरे एक गणितही उघड होते. उरलेली १८० पाकिटे या एका दुकानातून संपण्यास जवळजवळ वर्ष लागेल. म्हणून तीच चिठ्ठी, पहिली ओळ बदलून, दुसऱ्या बाजारातील दोन-तीन दुकानांना द्यावी. 'समोरच्या दुकानात देऊ नका' अशी अट पहिल्या दुकानदाराने घातल्यास ती त्याच रस्त्यापुरती व ठरावीक महिन्यांपुरती मान्य करण्यास हरकत नाही. संपूर्ण शहर एका दुकानाला बांधून देऊ नये.

पहिल्या खेपेचा हिशेब झाल्याविना दुसरी खेप ठेवू नये, हा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते. 'मागचे राहू द्या, आणखी वीस ठेवा' असे दुकानदार म्हणतो तेव्हा माल खपत असल्याचा आनंद होतो. परंतु अशा तीन खेपा थकल्या म्हणजे साठ पाकिटांचा जवळपास पाच हजार रुपयांचा खर्च दुकानात अडकतो आणि पुढील उन्हाळ्यात फळे घेण्यास पैसा उरत नाही.

परत आलेली पाकिटे

पावसाळी हवेत आमसुलातील मीठ ओलावा ओढते. पिशवी नीट बंद झालेली नसेल, किंवा माल पुरेसा वाळलेला नसेल, तर पाकिटाला आतून पाझर सुटतो व सालींचा गोळा होतो. परत आलेले प्रत्येक पाकीट उजेडात धरून पाहावे. सालींवर पांढरट थर दिसल्यास तो मिठाचा की बुरशीचा, हे ओळखावे लागते. मिठाचे कण कठीण असतात व ओल्या बोटाला लागून विरघळतात. बुरशी मऊ, तंतूसारखी, कधी करडी वा हिरवट असते व तिला कुबट वास येतो. बुरशीचे पाकीट टाकून द्यावे. ते पुन्हा वाळवून विकू नये. एकाच तुकडीची दोन-तीन पाकिटे अशी निघाली, तर त्या तुकडीचा माल सर्व दुकानांतून आपण होऊन परत आणावा. पाकिटावरील तुकडीचा क्रमांक येथे उपयोगी पडतो. दुकानदाराने तक्रार करण्यापूर्वी गटाने माल उचलला, तर त्याच दुकानात पुढल्या मोसमाची चिठ्ठी घेऊन जाता येते.

शिक्षक व ग्रामसेवक यांच्यासाठी

गावातील गट अशा चिठ्ठीचा मसुदा घेऊन शिक्षकांकडे किंवा पंचायतीत येतात. तेव्हा शुद्धलेखन तपासण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मजुरी धरून एक पाकीट कितीला पडले? किती पाकिटे परत आली तर तूट येईल? हे दुकान आपण आत जाऊन पाहिले आहे काय? तिन्हींची उत्तरे आकड्यांत व होकारात मिळाली, तर चिठ्ठी पाच ओळींत सहज बसते. ती बसत नसेल, तर उणीव बहुधा हिशेबात असते. अशा वेळी मसुदा बाजूला ठेवून वहीत खर्चाचे आकडे पुन्हा मांडून घ्यावेत.